मुलगा जर्मनीला गेला, म्हणून इथलं खातं बंद?

मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
सप्रेम नमस्कार.

नाशिकला सातपूरमध्ये माझं ड्रॉइंग काढून देण्याचं छोटं ऑफिस आहे. सॉफ्टवेअर परदेशी कंपनीचं, दोन मशीनवर चालणारं, महिन्याला 499 रुपये. अमेरिकेत त्याचेच 20 डॉलर. मुलगा सहा आठवडे कामासाठी जर्मनीत आहे. तिथून त्याने एक फाइल उघडली, इथून मी दुसरी. मंगळवारी सकाळी स्क्रीनवर लाल पट्टी आली: 'आपला प्रदेश जुळत नाही.' खातं गोठवलं. परत हवं तर डॉलरच्या दराने घ्या म्हणे. डॉलर 90 धरला तर 1800, वर 18 टक्के जीएसटी, झाले 2124. अंबडच्या गिऱ्हाइकाची तीन ड्रॉइंग त्यात अडकली. त्याने दुपारपर्यंत वाट पाहिली आणि काम दुसरीकडे दिलं.

499 ही आम्हाला दिलेली खैरात नाही, साहेब. जागतिक बँकेच्या क्रयशक्तीच्या हिशोबात अमेरिकेत डॉलरला जे मिळतं ते इथे वीसेक रुपयांत मिळतं. त्या हिशोबाने 20 डॉलरचे 400 होतात. आम्ही जास्तच भरतो!

कंपनीची भीती खोटी नाही, हेही मान्य. इथल्या दराचं खातं परदेशातल्या लोकांना वापरायला दिलं जातं, मग कंपन्या स्वस्त दरच काढून टाकतात. स्टीम या गेमच्या दुकानाने 2023 च्या नोव्हेंबरात अर्जेंटिना आणि तुर्कस्तानात डॉलरचे दर लावले, कारण दिलं तिथल्या चलनाच्या चढउताराचं. कारण काहीही असो, भरडला गेला तो तिथला साधा माणूस. इथे तेच व्हायला नको.

पण चोर ओळखायचा कसा? नुसत्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट कुठून जोडलं त्यावरून, फिरतीवरचा माणूसही चोरच दिसतो. माझं कार्ड नाशिकच्या बँकेचं आहे, बिल नाशिकच्या पत्त्यावर येतं. पैसे कुठून येतात ते बघा! महिनोन्‌महिने परदेशातूनच वापर होत असेल तर जरूर पकडा. युरोपात 1 एप्रिल 2018 पासून नियम आहे: तात्पुरत्या प्रवासात घरचं पैसे भरलेलं सबस्क्रिप्शन जादा पैसे न घेता चाललंच पाहिजे. तो चित्रपट-संगीतासारख्या सेवांना आणि युरोपातल्या देशांपुरताच आहे, पण तसा नियम आपल्याकडे का नको?

आपल्याच 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची आहे, परदेशी कंपनीलाही. मला नऊ दिवसांत एकाही माणसाचं उत्तर नाही, नुसते ठरावीक मेल. नियम कागदावर आणि आम्ही दारात उभे, हे किती वर्षं चालायचं? आधार, पॅन, जीएसटी, सगळीकडे आम्हीच पुरावे द्यायचे, आणि पैसे घेणाऱ्याला एक प्रश्न विचारायची सोय नाही!

खातं गोठवण्याआधी सात दिवसांची नोटीस आणि आपलं काम उतरवून घेण्याची मुभा, एवढं तरी सक्तीचं करा. माझ्या अकरा वर्षांच्या फाइली आत्ता त्या लाल पट्टीच्या मागे आहेत.

आपला,
सातपूरचा एक ड्राफ्ट्समन