कोऱ्या पंचनाम्यावर सही नको

महोदय,

पंचनामा म्हणजे पंचांनी जागेवर जे पाहिले त्याची तिथेच केलेली लेखी नोंद. पोलिसांच्या पंचनाम्याला बहुधा दोनच पंच असतात, पाच लागतात हा गैरसमज. तो गुन्ह्याचा निकाल नव्हे, तसाच महसुलाचा पंचनामा म्हणजे मंजूर मदत नव्हे. आमच्या तासगाव-पलूसकडे मात्र 'पंचनामा झाला' म्हणजे पैसे आलेच, असे धरून चालतात.

समजा, 80 आरच्या गटात 50 आर द्राक्षबाग आणि 30 आर ऊस आहे. अवकाळीने फक्त बाग गेली, तर बाधित क्षेत्र 0.50 हेक्टर लिहायला हवे. घाईत 0.05 पडले की मदत दहाव्या हिश्श्यावर येते. पीकपाहणीत सगळ्या गटाला ऊसच लागलेला असेल, तर बागेचा मेळ बसत नाही आणि प्रकरण अडकते. नुकसान 33 टक्क्यांच्या खाली दाखवले, तर मदतच नाही. म्हणून पीक, क्षेत्र आणि टक्केवारी हे तीन रकाने भरल्यावरच सही करावी, जमल्यास मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. 'सही करा, आकडे मागाहून भरतो' हे ऐकूच नये.

– एक वाचक, तासगाव (जि. सांगली)