दंड चालकाच्या पगारातून, मग वेळ कोणी ठरवली?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कंपनीच्या गाड्यांवरचा कालच्या अंकातला लेख वाचला. ‘चलान चालकाच्याच पगारातून कापले की शिस्त लागते’ हे त्यातले वाक्य मनातून जाईना, म्हणून लिहितो. मी १९ वर्षे कंपनीची गाडी चालवतो.

गेल्या पावसाळ्यात साहेबांना मुंबई विमानतळावर सोडायचे होते. ६ वाजता निघायचे ठरले होते. साहेब खाली उतरले ७ वाजून १० मिनिटांनी. उतरता उतरता त्यांनी माझ्या मोबाइलवर मेसेज केला होता, “साडेनऊच्या आत पोचव, कसंही कर.” द्रुतगती मार्गावर बोरघाटात मोटारींना ताशी ६० ची मर्यादा आहे. मी ८५ ने उतरलो. घाटातले १० किलोमीटर ६० ने १० मिनिटांत होतात, ८५ ने ७ मिनिटांत. तीन मिनिटे वाचली आणि कॅमेऱ्याने २,००० रुपयांचे चलान फाडले. गाडी कंपनीच्या नावावर, त्यामुळे मेसेज कंपनीच्या मोबाइलवर गेला. मला कळले ते थेट महिन्याच्या पगारपत्रकात, ‘इतर कपात २,०००’ या ओळीत. कोणी बोलावले नाही, काही विचारले नाही.

मोटार वाहन कायद्याचे कलम १८३ लेखकाने वाचावे, ही विनंती. वेग मोडणाऱ्याबरोबरच, हाताखालच्या माणसाला तो मोडायला लावणाराही त्यात दोषी धरला आहे. वेग मोडल्याशिवाय गाठताच येणार नाही अशी वेळ कोणी ठरवून दिली, तर ती सूचनाच त्याच्याविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावा ठरते. दंड किंवा नुकसानभरपाई पगारातून कापण्याआधी कामगाराचे म्हणणे ऐकून घ्यावे, असे वेतनाचा कायदाही सांगतो.

सिग्नल तोडला, पट्टा लावला नाही, चालवताना फोन कानाला लावला, तर ती चूक माझी. ते पैसे मी निमूट भरीन. पण वेगाचे चलान आले की आधी लॉगबुक उघडा. ठरलेली वेळ आणि प्रत्यक्ष निघालेली वेळ शेजारी शेजारी लिहिलेली असली, की उशीर कोणाचा ते तिथेच दिसते. आमच्या लॉगबुकात निघालेल्या वेळेचा एकच रकाना आहे. दुसरा रकाना आखायला पट्टी आणि पेन पुरेल.

आणखी एक. डिझेलचे ॲव्हरेज कमी आले की जाब आम्हालाच. बैठक संपेपर्यंत एसी चालू ठेवायला सांगतात, गाडी दीड तास जागेवर उभी असते. डिझेल जळते आणि किलोमीटरचा काटा हलत नाही. रविवारी साहेबांच्या घरच्यांना तुळशीबागेत नेले, तरी नोंद ‘कार्यालयीन काम’ अशीच करायला लावतात. त्या फेरीत गाडी कुठे घासली, तर ती नोंद कोणाच्या सहीने खोटी ठरेल? सही माझी असते.

तो साडेनऊचा मेसेज मी अजून मोबाइलमध्ये जपून ठेवला आहे.

आपला,
एक चालक, पिंपरी