सातपूर-अंबडच्या मैत्रिणींसाठी : आयसीकडे तक्रार केल्यावर काय होतं

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर कंपनीच्या अंतर्गत समितीकडे, म्हणजे आयसीकडे, तक्रार कशी करायची आणि पुढे काय होतं, हे गेल्या मीटिंगला बऱ्याच जणींनी विचारलं म्हणून इथे टाकतेय. समजा सुपरवायझर रात्री-अपरात्री घाणेरडे मेसेज करतो आणि शेवटचा मेसेज 5 मार्चला आला, तर तिथून 3 महिन्यांत लेखी तक्रार द्यायची, उशीर झाला तर कारण लिहा, कमिटी अजून 3 महिने वाढवून देऊ शकते. मेसेजचे स्क्रीनशॉट जोडा आणि पोच घ्याच, कारण तक्रार कधी दिली हे त्यावरूनच दाखवता येतं. तक्रारीची कॉपी 7 कामकाजाच्या दिवसांत त्याला जाते, म्हणजे नाव त्याला कळणार, निनावी राहता येत नाही, पण बाहेर कुठे बोलायला कायद्याने बंदी आहे.

आता खरी अडचण, चौकशीला 90 दिवस लागू शकतात आणि तोवर रोज त्याच्याच हाताखाली काम करायचं? नाही. कमिटीला वेगळा लेखी अर्ज द्या, त्याची किंवा तुमची बदली, 3 महिन्यांपर्यंत जादा रजा (तुमच्या हक्काच्या रजेतून कापायची नाही), आणि तुमचा अप्रेझल त्याने लिहायचा नाही, हे मागता येतं. हे आपोआप मिळत नाही, मागावंच लागतं, आणि बहुतेक जणींना हेच कोणी सांगत नाही!

वकील दोघांनाही आणता येत नाही. समेट फक्त तुम्ही म्हणालात तरच, आणि त्यात पैशाचा व्यवहार चालत नाही. पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. चौकशी संपल्यावर 10 दिवसांत रिपोर्ट, त्यावर मालकाने 60 दिवसांत कारवाई करायची.

युनिटमध्ये 10 पेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर मला पर्सनलवर मेसेज करा, ग्रुपवर नावं टाकू नका.