‘उतरताना घ्या’

पाटण,
12 जुलै

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आलं, घरचं सगळं कळलं. आईंच्या गुडघ्याचं ऐकून काळजी वाटली. पावसाळा सरेपर्यंत त्यांना जिना चढू देऊ नकोस. इकडे सगळे ठीक आहेत. आज मात्र तुला एकच गोष्ट सविस्तर सांगायची आहे, कारण ती आपल्या मास्तरांची आहे. चिपळूण-कराड गाडीवरचे आपले कंडक्टर. कॉलेजला असताना आपला पास न बघताच ‘बसा रे’ म्हणायचे, तेच.

मास्तर 31 मेला निवृत्त झाले. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जन्मतारीख 1 जून टाकली होती, आपल्या भागातल्या निम्म्या माणसांची आहे तशी. त्यामुळे अठ्ठावन्न पुरी होताना शेवटची ड्युटी 31 मेची. आणि दुसऱ्याच दिवशी, 1 जूनला, त्यांनी चहाची टपरी टाकली. तारीख मुद्दाम धरली होती. 1948 साली याच दिवशी पुणे-नगर अशी पहिली एसटी धावली, म्हणून ते या दिवसाला दसऱ्याइतकं मानतात. टपरी कुंभार्ली घाट चढून आल्यावर, हेळवाकच्या अलीकडच्या फाट्यावर आहे. पाटीवर लिहिलंय, ‘उतरताना घ्या’.

हे नाव ऐकून तुझ्या कानात त्यांचा आवाज घुमला असेल. सुट्ट्याची बोंब तर तुला माहीत आहे. शंभराची, दोनशेची नोट पुढे आली की मास्तर तिकिटाच्या मागे पेनानं आकडा लिहायचे, त्याखाली रेघ मारायचे आणि म्हणायचे, ‘उतरताना घ्या.’ लोकांना वाटायचं, कंडक्टर पैसे दाबतोय. पण त्यांच्या बाजूनं बघ. ड्युटीवर चढताना स्वतःच्या खिशात किती पैसे आहेत ते आधी नोंदवावं लागतं. वाटेत तपासणी पथक चढलं की तिकिटांची बेरीज आणि पिशवीतली रोकड ताडून बघतात. कमी भरली तर खिशातून घालायची. जास्त भरली तरी सुटका नाही, कुणाचे तरी पैसे घेऊन तिकीट फाडलं नाही असा संशय येतो. त्यामुळे लोकांचे राहिलेले सुट्टे पिशवीत असणं हा मास्तरांच्याच जिवाला घोर असायचा. तो मागचा आकडा प्रवाशापेक्षा त्यांच्याच सोयीचा होता.

आता ती रात्र. तीन-चार वर्षांपूर्वीचा पावसाळा, चिपळूणहून सुटलेली शेवटची गाडी. पोफळी मागे पडली, घाट लागला आणि निम्म्या वाटेवर दरड आलेली. पुढे मातीचा ढीग, मागे वाहनांची रांग, त्यामुळे गाडी वळवताही येईना. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, दिवे मंद केले. वरून मधूनमधून दगड गडगडत येत होते. एक लेकरू रडायचं थांबेना, बायका देवाचं नाव घेत होत्या. मास्तरांना हात रिकामे ठेवून बसता येईना, म्हणून बॅटरी घेऊन ते एकेकाचं राहिलेलं देणं फेडत मागे निघाले. शेवटच्या बाकावर एक गवंडी होता, थापी-ओळंबा पिशवीत घेऊन घरी चाललेला. त्याचे पासष्ट रुपये राहिले होते. मास्तरांची चिल्लर तिथवर येईपर्यंत संपली. सवयीनं तोंडातून गेलं, ‘उतरताना घ्या.’

तेवढ्यात टपावर धाडकन एक धोंडा आपटला. सगळी गाडी गप्प झाली. आणि तो गवंडी मोठ्यानं म्हणाला, ‘मास्तर, आता यम जरी गाडीत चढला आणि म्हणाला चल, तरी तुम्ही त्याला म्हणाल, आमचा जीव उतरताना घ्या!’

मास्तर सांगतात, आधी ड्रायव्हर हसला. मग ती देवाचं नाव घेणारी बाई हसली, आणि बघता बघता सगळी गाडी खो-खो हसायला लागली. जेसीबी येईपर्यंत लोक शिदोऱ्या सोडून एकमेकांना भाकरी देत होते, कुणीतरी भजन धरलं. मास्तर म्हणाले, ‘इतकी वर्षं घंटी मारली, पण गाडीतली भीती एका वाक्यात उतरवलेली मी तेवढीच एकदा बघितली.’

पण वाट मोकळी व्हायच्या आतच वरच्या वाडीतली पोरं बॅटऱ्या घेऊन आली आणि गवंडी त्यांच्याबरोबर मागच्या दारानं उतरून निघून गेला. पैसे राहिलेच. आगारात हिशेबाला बसल्यावर रोकड बरोबर पासष्टनं जास्त. मास्तरांनी ते दाखवले, भरले, पावती घेतली. नियमानं विषय मिटला. त्यांच्या डायरीत मात्र ‘गवंडी, 65’ अशी ओळ राहिली.

टपरीचं नाव ठरवताना घरात बराच खल झाला. वहिनींना कुलदेवीचं नाव हवं होतं, मुलाला ‘एसटी कट्टा’. मास्तर ऐकेनात. पाटी रंगवणारा तर म्हणाला, ‘अवो मास्तर, हे देशी दारूचं दुकान वाटंल.’ म्हणून वर ‘चहा’ एवढं मोठं अक्षर आणि एक कपबशी काढून घेतली.

चहाचंही त्यांना नीट शिकावं लागलं. गाडी फाट्यावर मिनिटभर थांबते. तेवढ्यात माणूस उतरणार, पिणार, की घरी जाणार? सुरुवातीला ते वेळापत्रक बघून पूर्ण चहा करून ठेवायचे. गाडीला उशीर झाला की उकळून उकळून तो कडवट व्हायचा. आता पाणी, साखर, पावडर आणि ठेचलेलं आलं आधी चांगलं खळखळू देतात. आलं कच्चं असताना दूध घातलं तर फाटतं, हा धडा एकदा एक लिटर दूध नासवून मिळाला. मग आच मंद करून कान देऊन बसतात. शेवटच्या वळणावर एसटीचा गिअर पडला की तो आवाज त्यांना बरोबर कळतो, तेव्हाच दूध ओततात. गाडी थांबेपर्यंत उकळी आलेली असते. लिटरभर दूध आणि अर्धा लिटर पाण्यात वीसेक कटिंग निघतात.

मी गेल्या रविवारी तिथे बसलो होतो. चिपळूणची गाडी आली, चार-पाच जण उतरले. त्यातला एक जण पाटी बघून जागीच उभा राहिला आणि हसत सुटला. जवळ येऊन म्हणाला, ‘काय मास्तर, यम येऊन गेला का?’

मास्तरांनी किटली खाली ठेवली. डायरी काढली, ओळ दाखवली, पासष्ट रुपये पुढे केले. गवंडी घेईना. मास्तर सोडेनात. शेवटी ठरलं, पैशांऐवजी चहा. दहाचा एक, म्हणजे सहा चहा. गवंड्यानं बरोबरच्या माणसांना हाका मारून पाजले, एक मलाही दिला. ‘आणि पाच रुपये राहिले की,’ गवंडी म्हणाला.

मास्तरांनी गल्ला चाचपला, पाचाचं नाणं नव्हतं. दोघं एकमेकांकडे बघत होते, आणि मग दोघांनी एकदमच म्हटलं, ‘उतरताना घ्या!’

तो आता तिथेच एका घराचं काम करतोय, रोज याच गाडीनं येतो. त्या पाचाचा हिशेब अजून चालू आहे.

गणपतीला येशील तेव्हा चिपळूणहूनच ये, कराडकडून नको, म्हणजे घाट चढून टपरीच्याच बाजूला उतरशील. आईंना नमस्कार सांग.

तुझाच,
बंडू