माझा नमस्कार मला पुरा करू दिल्याबद्दल

प्रिय ताई,

हे पत्र गुपचूप तुमच्या टेबलावर ठेवता आलं असतं. पण चारचौघांनी वाचावं म्हणून उघड लिहितोय. अडखळत बोलणाऱ्या माणसाशी धीराने वागा, एवढं सगळेच सांगतात. हा धीर म्हणजे हातांनी, डोळ्यांनी आणि तोंडाने नेमकं काय करायचं, ते मात्र कोणी सांगत नाही. मला ते तुमच्याकडे बघून कळलं, म्हणून आभार मानायचे तर तपशिलासकटच मानायला हवेत.

आधी माझी बाजू सांगतो, कारण समोरच्याला ती दिसत नाही. मी तीन-चार वर्षांचा असल्यापासून अडखळतो. बहुतेकांचं साधारण त्याच वयात सुरू होतं. बऱ्याच मुलांचं आपोआप थांबतं, काहींचं राहतं. मोठ्या माणसांत शंभरात एखादा असतो. भित्रेपणामुळे किंवा विचारांच्या गोंधळामुळे हे होत नाही. बोलण्याच्या हालचालींचा मेंदूत जो मेळ बसावा लागतो, तो काही क्षणांपुरता बिघडतो. काय म्हणायचं ते मला पक्कं ठाऊक असतं. गाणं म्हणताना किंवा चार जणांबरोबर एका सुरात काही म्हणताना मी अडत नाही, एकटा असताना तर जवळजवळ कधीच नाही. अडतो तो समोर ऐकणारा माणूस असला की.

आणि त्यातही सगळ्यात अवघड काय, तर नमस्कार. लोकांना याचं नवल वाटतं. अर्धा तास कामाबद्दल बोलू शकणारा माणूस साध्या नमस्काराला का अडतो? त्याचं कारण असं, की इतर बोलण्यात आम्हाला पळवाटा असतात. एखादा शब्द अडणार अशी चाहूल लागली, की आम्ही तो बदलतो. ‘पाणी’ निघणार नाही असं वाटलं तर ‘तहान लागलीय’ म्हणतो. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. नमस्काराला असा पर्याय नसतो. तो ठरलेला शब्द, ठरलेल्या क्षणी, पहिल्याच श्वासात यायला हवा. त्याच्या पाठोपाठ स्वतःचं नाव, आणि नावाला तर समानार्थी शब्दच नाही. शिवाय वेळ अगदी तोकडा. समोरचा चालत येतोय, दोन पावलांत बाजूने निघून जाईल, तेवढ्यात सगळं उरकायचं. म्हणून आमच्यातले कितीतरी लोक कोणी दिसलं की मोबाइलमध्ये डोकं घालतात किंवा नुसती मान हलवतात. मग लोक म्हणतात, फार शिष्ट आहे, साधी ओळखही देत नाही.

आता तुम्ही काय केलंत ते. मी रुजू झालो त्या सकाळी तुमच्यासमोर यादी होती आणि माझ्या नावावर तुमची पेन्सिल टेकलेली मला दिसत होती. तुम्ही मान वर करून ‘नमस्कार, या’ म्हणालात. मी तोंड उघडलं आणि ‘न’वरच अडलो. जिभेचं टोक वरच्या दातांमागे जाऊन चिकटलं, घसा बंद झाला, आवाज शून्य. अडखळण्याचा हा प्रकार बघणाऱ्याला सगळ्यात फसवतो. ‘न-न-न’ अशी पुनरावृत्ती झाली किंवा ‘न्न्न’ असा आवाज लांबला, तर निदान बोलणं चालू आहे हे कळतं. आवाजच आला नाही, की समोरच्याला वाटतं याला ऐकू आलं नाही, किंवा हा शब्द विसरला, किंवा याचं बोलून झालं. मग तो पुढचं बोलायला लागतो आणि आमचा शब्द अर्ध्यात राहतो.

तुम्हाला तो फरक कळला. कशावरून, ते मी नंतर आरशात बघून ताडलं. बोलणं संपलेल्या माणसाचा चेहरा सैल पडतो. अडकलेल्याच्या जबड्याला ताण असतो, ओठ किंवा जीभ अक्षराच्या जागी धरलेली असते, कधी पापण्या फडफडतात, कधी मान किंचित झटकली जाते. ताण दिसतोय तोवर शब्द वाटेवर आहे, असं समजायचं.

तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत आणि माझ्याकडे पाहत राहिलात. टक लावून नाही. बोलणाऱ्याकडे पाहतात तसंच. माझीच नजर खाली गेली. अडताना ती जातेच. ती परत वर आली तेव्हा तुमची नजर तिथेच होती, आणि ती तिथे असणं फार महत्त्वाचं होतं. या क्षणी लोक दोनपैकी एक काहीतरी करतात. एक तर अवघडून दुसरीकडे पाहतात, म्हणजे जणू आम्ही काही लाजिरवाणं करतोय. नाहीतर भुवया उंचावून भराभर मान हलवू लागतात. त्यांना ते प्रोत्साहन वाटतं. आम्हाला ते ‘चला, आटपा’ असं ऐकू येतं.

नमस्कार निघाला आणि नावाला पुन्हा अडलो. ‘म’साठी मिटलेले ओठ उघडेनात. शेजारी उभे असलेले गृहस्थ मदतीला धावले. ‘महेश? मंगेश?’ दोन्ही चुकीचं. आता माझ्यावर दोन कामं पडली: नकारार्थी मान हलवायची आणि शिवाय ओठ सोडवायचे. त्यांचा अंदाज बरोबर आला असता तरी माझं काम संपलं नसतं. दुसऱ्याने शब्द पुरवला की पुढे दोन गोष्टी होतात. आम्ही बहुधा तो शब्द पुन्हा म्हणायला जातो, कारण तो आपल्या तोंडून आलेला नसतो, आणि या वेळी तो जास्त घट्ट अडतो. शिवाय इथे वेळ कमी आहे असा निरोप मिळतो, त्यामुळे पुढचे सोपे शब्दही बिघडतात. मदत करणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला वाटतं, बरं झालं, सुटला बिचारा.

तुम्ही त्या गृहस्थांना गप्प केलं नाहीत. ‘थांबा, त्यांना बोलू द्या’ असं कोणी म्हटलं की हेतू चांगला असतो, पण अख्ख्या खोलीचं लक्ष आमच्या तोंडाकडे वळतं. तुम्ही फक्त त्यांच्याकडे वळला नाहीत. प्रश्न मला विचारला होता, उत्तर माझ्याकडूनच घ्यायचं होतं. ओठ सुटले, नाव आलं. तुम्ही एक श्वासभर थांबलात आणि मगच ‘नमस्कार’ म्हणून माझं नाव घेतलंत. समोर कागदावर लिहिलेलं नाव माझ्या तोंडून येईपर्यंत तुम्ही उच्चारलं नाहीत. तो सगळा अडथळा पाचेक सेकंदांचा असेल. आमचे बहुतेक अडथळे तर सेकंद-दोन सेकंदांतच संपतात, आम्हालाच ते युगासारखे वाटतात.

एक श्वास थांबण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ते कोणाच्या ध्यानात येत नाही. आम्ही शब्द संपवला रे संपवला की समोरचा सुटकेचा निःश्वास टाकून भरभर बोलू लागतो. त्या वेगाची लागण आम्हाला होते आणि आम्ही तो वेग पकडायच्या नादात पुन्हा अडतो. तुम्ही क्षणभर थांबून तुमच्या नेहमीच्या चालीने बोललात. लहान मुलाशी बोलावं तसं शब्द तोडून नाही. ‘सावकाश बोला’, ‘दीर्घ श्वास घ्या’ यातलंही काही नाही. हे सल्ले आम्ही कळायला लागल्यापासून ऐकतो. अडलेल्या क्षणी श्वास मोजायला गेलो तर एकाऐवजी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. नाव निघाल्यावर तुम्ही शाबासकीही दिली नाहीत. ‘छान बोललात की!’ हे ऐकलं की कळतं, यांनी माझं म्हणणं ऐकलं नाही, माझं अडखळणं मोजलं.

नंतर एकदा जिन्यात तुम्ही विचारलंत, ‘कधी शब्द पुरवलेला चालतो का?’ तेव्हा मी घाईत ‘नाही’ म्हणालो. पूर्ण उत्तर असं आहे. आमच्यातल्या काहींना चालतो, विशेषतः दमलेले असताना, आणि ते स्वतः तसं सांगतात. न सांगता गृहीत धरू नये, इतकंच. माझ्यापुरतं म्हणाल तर लांबलचक वाक्यात एखादा शब्द पुरवलात तर मी रागावणार नाही. नमस्कार आणि नाव मात्र माझंच राहू द्या.

फोनवर हे सगळं लागू होत नाही, हेही तुम्हीच ओळखलंत. तिथे चेहरा नाही, जबड्याचा ताण नाही. शांतता म्हणजे लाइन तुटली असं समजून लोक फोन ठेवून देतात. तुम्ही एकदाच ‘ऐकतेय’ म्हणता आणि थांबता. ‘हॅलो? हॅलो? कोण बोलतंय?’ असा मारा करत नाही. प्रत्येक ‘हॅलो’ला माझी सुरुवात पुन्हा पहिल्यापासून होते.

आणखी एक. काही दिवस मी अजिबात अडत नाही आणि दुसऱ्याच दिवशी दर वाक्याला अडतो. आमच्यात हे असंच कमी-जास्त होतं. आज नीट बोलला म्हणजे काल नाटक होतं, किंवा आता बरा झाला, यातलं काहीच खरं नाही. तुम्ही दोन्ही दिवशी सारखंच वागता, म्हणून तुमच्यासमोर मी शब्द बदलणं जवळजवळ सोडून दिलंय. त्यामुळे तुम्हाला माझं अडखळणं इतरांपेक्षा जास्त ऐकू येत असेल. ते बिघडलं असं समजू नका, लपवणं कमी झालंय.

सोमवारी बाहेरची मंडळी बैठकीला येणार आहेत. ओळखीची फेरी तुमच्यापासून सुरू होईल आणि पद्धतीप्रमाणे तुम्ही सगळ्यांची नावं सांगाल. माझ्यापाशी आलात की थांबा. माझं मी सांगेन.

आपला,
शेवटच्या खोलीतला सहकारी