मामीच्या १८,२९९ रुपयांचा हिशोब : ग्राहक संरक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण, महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार. माझं तासगाव तालुक्यात झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, लाइट बिल, सगळं करतो. लोक मोबाइल माझ्या हातात देतात आणि म्हणतात बघ रे हे काय आलंय, त्यामुळे कुणाला कुठे टोपी घातली ते गावात सगळ्यात आधी मला कळतं. पण यावेळी टोपी माझ्या सख्ख्या मामीला बसली आणि तिनं मला सांगितलं तेव्हा पैसे जाऊन तीन आठवडे झालेले.

मामेबहिणीचं लग्न जमत नाहीये. पोरगी ऑगस्ट १९९५ ची, शिकलेली, नोकरी आहे, तरी दोन ठिकाणी बोलणी फिसकटली. मामीला कुठल्याशा व्हिडिओच्या मध्ये जाहिरात दिसली, मोफत कुंडली, मराठीत. नाव, जन्मतारीख, वेळ, गाव आणि मोबाइल नंबर टाकला. दोन मिनिटं चक्र फिरलं आणि लाल चौकट आली, "तीव्र कालसर्प दोष, प्रभाव ८७%, विवाहात अडथळा". खाली घड्याळ उलटं चालू, १४:५९, १४:५८. पूर्ण रिपोर्ट ९९ रुपये. मामीनं भरले. ९९ रुपयांना कोण विचार करतंय हो.

अर्ध्या तासात व्हॉट्सॅपवर "गुरुजींच्या ऑफिसमधून" फोन. शांती करावी लागेल, २,१००. चार दिवसांनी, पूजेत विघ्न आलं, दोष जास्त खोल आहे, ५,१००. मग शेवटचा विधी, त्र्यंबकेश्वरला, आता नाही केला तर जावयाच्या जिवाला धोका, ११,०००. ज्या जावयाचा अजून पत्ता नाही त्याच्या जिवाला! एकूण १८,२९९. मामी शिवणकाम करते, हे पैसे दिवाळीच्या ब्लाउजांचे होते.

आता मी काय केलं ते सांगतो, कारण तुमच्या खात्याला अशी वेबसाइट तपासायची तर कशी तपासता येते हे मला या निमित्तानं कळलं. मी ज्योतिष खरं का खोटं या वादात पडतच नाही, ते तुम्हीही पडू नका, निवडणुका असतात. मी त्यांचंच शास्त्र घेतलं आणि त्यांच्याच नियमानं त्यांना तपासलं.

आमच्या गावचे जोशीकाका, वय ऐंशीच्या पुढे, अजून दाते पंचांग घेऊन ओट्यावर बसतात. त्यांना विचारलं काका कालसर्प म्हणजे नक्की काय. ते म्हणाले राहू आणि केतू कायम समोरासमोर असतात, बरोबर १८० अंशांवर, म्हणजे कुंडलीचे दोन अर्धे भाग पडतात. उरलेले सातही ग्रह एकाच अर्ध्यात आले तर लोक त्याला कालसर्प म्हणतात. सातातला एक जरी पलीकडे गेला तरी संपलं, योग मोडला. मग बहिणीची तारीख सांगितली. काकांनी जुनं पंचांग काढलं, पानं पिवळी, कडा उंदरानं खाल्लेल्या. ऑगस्ट १९९५ ला राहू तुळेत, केतू मेषेत. रवी त्या महिन्यात आधी कर्केत मग सिंहेत, म्हणजे मेष ते तूळ या बाजूला. आणि गुरू वृश्चिकेत, म्हणजे राहूच्या पलीकडे, दुसऱ्या अर्ध्यात. झालं. चंद्र कुठेही असू दे, जन्मवेळ कुठलीही असू दे, तो अख्खा महिना कुणाच्याच कुंडलीत कालसर्प बसू शकत नाही. काका चष्मा वर करून म्हणाले, "अरे, यांनी गणितच केलेलं नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. दुकान बंद केल्यावर मी त्या साइटवर बारा कुंडल्या काढल्या. माझी, बायकोची, बापाची, आणि काही चक्क बनवलेल्या माणसांच्या, तारखा मनानं टाकून. बारापैकी नऊ जणांना कालसर्प निघाला आणि त्या नऊही जणांना ८७%. मग मामेबहिणीचीच तारीख ठेवून जन्मवेळ पहाटेची टाकली, दुपारची टाकली, रात्रीची टाकली. लग्न साधारण दोन तासांनी बदलतं (कुंडलीतलं लग्न हो, मामीला वाटलं स्थळ आलं), त्यासोबत सगळी स्थानं बदलायला पाहिजेत. रिपोर्टमधला एक शब्द हलला नाही. आणि ते पंधरा मिनिटांचं घड्याळ, पेज रिफ्रेश केलं की परत १५:०० पासून.

उरलेल्या तिघांचं काय, तर दोघांना मंगळ आणि एकाला साडेसाती. रिकाम्या हाती कुणालाच सोडलं नाही. इथे मात्र एक गोष्ट समजून घ्या साहेब, यात त्यांना खोटं बोलायचीसुद्धा फारशी गरज नाही. मंगळ १, ४, ७, ८, १२ यापैकी कुठल्याही स्थानी असला की मंगळदोष धरतात, म्हणजे बारातली पाच घरं. साडेसाती एका वेळी तीन राशींना असते आणि वर आणखी दोन राशींना अडीचकी, म्हणजे पुन्हा बारातल्या पाच. दोन्हीतून सुटणारा माणूस शंभरात साधारण चौतीस. बाकी सहासष्टांना नियमानुसारच काहीतरी "आहे". आपले जुने जोशी त्याच पोथीतून लगेच मंगळ सौम्य आहे, गुरूची दृष्टी आहे, परिहार होतो असंही सांगतात, आणि सव्वा रुपया दक्षिणा घेऊन माणसाला घरी पाठवतात. साइटवर दोष मोजायचं पान आहे, परिहाराचं पान नाही. मी शोधलं, सगळे मेनू उघडून शोधलं.

पूजेचा पुरावा म्हणून मामीला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आला. त्यावर व्हॉट्सॅपची "फॉरवर्डेड" ची खूण तशीच. संकल्पात नाव ऐकूच येत नाही, मध्ये घंटा वाजते, पण गोत्र ऐकू येतं, काश्यप. मामीला गोत्र कुणी विचारलंच नव्हतं. काका म्हणाले, गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणायची पद्धत आहे, म्हणजे हा व्हिडिओ कुणालाही चालतो. पैसे गेले ते कंपनीच्या नावावर नाही, क्यूआर स्कॅन केल्यावर प्रत्येक वेळी वेगळ्याच माणसाचं नाव, तीन पेमेंटला तीन नावं. पावतीवर जीएसटी नंबर होता पण तो तेरा अक्षरी. खरा पंधरा अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो, एवढं माझ्या दुकानातल्या पोराला पण माहीत आहे.

पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी (नाव घेत नाही, माणूस वाईट नव्हता) सांगितलं की जादूटोणाविरोधी कायदा ज्योतिषाला लागत नाही. अर्धं खरं आहे ते. २०१३ च्या त्या कायद्यात जोशी, ज्योतिषी, नंदीबैलवाले यांच्या सल्ल्याला सूट आहे. पण सल्ला म्हणजे सल्ला. "११,००० द्या नाहीतर माणूस मरेल" हा सल्ला कुठल्या पोथीत बसतो? आणि याच कायद्याखाली जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं देवाधर्माच्या नावानं चमत्कारी यंत्रं विकायच्या टीव्ही जाहिराती बेकायदेशीर ठरवल्या. टीव्हीवरचं बंद झालं ते मोबाइलवर आलं, एवढाच फरक.

पण पोलिसांचं राहू दे, हे पत्र तुम्हाला आहे, कारण हे मुळात तुमच्या खात्याचं काम आहे. मामी ग्राहक आहे. तिनं सेवा विकत घेतली आणि सेवा खोटी निघाली. त्या साइटच्या एकदम तळाला, राखाडी रंगात, डोळे फुटतील इतक्या बारीक इंग्रजीत लिहिलंय की हे सगळं फक्त मनोरंजनासाठी आहे. वर मराठीत लाल अक्षरात "१०० टक्के निवारण". दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात स्पष्ट आहे की खुलासा ज्या भाषेत दावा केला त्याच भाषेत पाहिजे आणि खोट्या दाव्यावर खुलाशाचं पांघरूण घालता येत नाही. ते खोटं घड्याळ म्हणाल तर नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे साइटवर ग्राहकाला फसवायच्या युक्त्यांबद्दलच्या, सूचनांमध्ये खोटी घाई हा पहिलाच प्रकार आहे. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे साइटवर कंपनीचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव पाहिजे. तिथे फक्त एक व्हॉट्सॅपचं बटण आहे.

म्हणजे कायदा आहे. नाही ते बघायला कुणीतरी. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार घेतली, नंबर दिला, पुढे काही नाही. ग्राहक आयोगात केस टाकता येते, पाच लाखांच्या आत फी पण नाही, आपल्याच जिल्ह्यात टाकता येते, मी मामीला फॉर्म भरून देतो म्हटलं. ती म्हणाली, "नको रे, पोरीच्या पत्रिकेत दोष होता असं गावभर होईल." दोष नव्हताच, हे तिला काकांनी पंचांग दाखवून सांगितलंय, तरी. या धंद्याचं खरं भांडवल हेच आहे साहेब, तक्रार करणारा आधी स्वतःची बदनामी करून घेणार. म्हणून एकेका मामीच्या तक्रारीची वाट बघत बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांना अशा प्रकारात चौकशी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अहवाल पाठवायचा अधिकार आहे. तुमच्या खात्यानं तक्रार करा, नाव मामीचं नको, खात्याचं असू दे. पुरवठा शाखेतल्या एका क्लार्कला एक दुपार द्या, पाच जन्मतारखा द्या आणि एक जुनं पंचांग द्या. ऑगस्ट १९९५ ची एक तारीख त्यात नक्की टाका, कालसर्प निघाला की स्क्रीनशॉट काढा. मंगळ आहे का नाही यावर दोन ज्योतिषांत वाद होईल, पण यावर होणार नाही.

मामीला परवा परत फोन आला. आवाज दुसरा, नंबर दुसरा, पण नाव आणि जन्मतारीख तोंडपाठ, म्हणजे माहिती पुढे विकलेली आहे. यावेळी मामीलाच साडेसाती सुरू झालीय म्हणे, ७,१०० रुपये. मामीची रास कन्या. शनी मीनेत आहे, साडेसाती कुंभ, मीन आणि मेषेला. मामीनं यावेळी एवढंच विचारलं, "शनी कुठल्या राशीत आहे ते सांगा आधी." फोन कट झाला. तो नंबर, तीन पेमेंटचे स्क्रीनशॉट आणि तेरा अक्षरी जीएसटीची पावती माझ्या दुकानात फाइलला लावून ठेवली आहे. कुणाला पाठवताय ते कळवा, रविवारी पण दुकान उघडं असतं.

आपला,
एक झेरॉक्सवाला, तासगाव तालुका