सूचना : शीख कुटुंबांच्या छायाचित्रांचे संपादन

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, नांदेड येथील शीख कुटुंबांच्या लग्नाची छायाचित्रे संपादित करताना दाढीची कड कातरल्यासारखी रेखीव करू नये, तसेच छातीवरून तिरका जाणारा गातरा, म्हणजे कृपाण अडकवण्याचा पट्टा, पोशाखावरची अडचण समजून हीलिंग ब्रशने पुसू नये. अमृतधारी, म्हणजे दीक्षा घेतलेल्या, शीख व्यक्तीसाठी केस न कापणे व कृपाण बाळगणे ही १६९९ मध्ये स्थापन झालेल्या खालसा पंथाची बांधिलकी असल्याने, ती छायाचित्रातून नाहीशी झाल्यास त्या व्यक्तीने व्रत मोडले असे नातेवाइकांना दिसते. पगडीचा रंग व पेचही तसेच राहू द्यावेत. उजेड दुरुस्त करण्यास अर्थातच हरकत नाही. अन्य बदलासाठी, केवळ पैसे देणाऱ्या यजमानांना नव्हे, तर त्या व्यक्तीलाच आधी विचारावे.